नियंत्रण गट असूनही निष्कर्ष अनियंत्रित का राहतो?

भारतातील परिचर्या महाविद्यालयांमध्ये पदव्युत्तर प्रबंधांचा एक साचा रूढ झाला आहे. दोन महाविद्यालये निवडायची, दोहोंतील विद्यार्थ्यांची पूर्वचाचणी घ्यायची, एका ठिकाणी नवा अध्यापन कार्यक्रम राबवायचा, दुसऱ्या ठिकाणी नेहमीचे वर्ग चालू ठेवायचे आणि सात किंवा पंधरा दिवसांनी दोन्हीकडे उत्तरचाचणी घ्यायची. शेवटच्या प्रकरणात बहुधा एकच वाक्य असते : कार्यक्रम परिणामकारक ठरला, पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी. या रचनेला अर्धप्रायोगिक पूर्वचाचणी-उत्तरचाचणी नियंत्रण गट रचना असे भारदस्त नाव आहे, आणि नावात ‘नियंत्रण’ असल्यामुळे निष्कर्षही नियंत्रित असावा असा समज होतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. रचना वाईट नाही. किंबहुना परिचर्या शिक्षणात ती अनेकदा सर्वांत प्रामाणिक पर्याय असते. दोष असतो तो तिच्याकडून तिच्या कुवतीबाहेरचे उत्तर वदवून घेण्यात.

डोनाल्ड कँपबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ साली शिक्षणविषयक संशोधनाच्या रचनांची जी मांडणी केली, तीत या रचनेला ‘असमतुल्य नियंत्रण गट रचना’ असे नाव दिले. त्यांच्या संकेतपद्धतीत O म्हणजे निरीक्षण आणि X म्हणजे उपक्रम. वरची ओळ प्रायोगिक गटाची, खालची नियंत्रण गटाची :

```
O  X  O
- - - -
O     O
```

दोन ओळींच्या मधली तुटक रेघ हे या आकृतीचे मर्म आहे. ती सांगते की विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, दोन गटांत वाटलेले नाहीत. ते आधीपासूनच दोन वेगळ्या गटांत होते. ‘असमतुल्य’ हा शब्द कँपबेल-स्टॅन्ली यांनी इशारा म्हणून वापरला होता. आपल्याकडील बहुतेक प्रबंधांत तो शब्द गळून पडतो आणि उरतो तो फक्त ‘नियंत्रण गट’.

चिठ्ठ्या का टाकल्या जात नाहीत, याला सबळ कारण आहे. बी. एस्सी. परिचर्येच्या एका वर्गातील विद्यार्थिनी एकाच वसतिगृहात राहतात, एकाच वॉर्डात पाळ्या करतात, एकमेकींच्या वह्या वापरतात. अर्ध्या वर्गाला नव्या पद्धतीने शिकवले आणि अर्ध्याला नाही, तर रात्रीच्या जेवणापर्यंत नवे शिक्षण जुन्या गटात झिरपलेले असते. हा संसर्ग टाळण्यासाठी संशोधक दुसऱ्या महाविद्यालयाकडे वळतात. निर्णय रास्त आहे, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. ती किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उदाहरणातील आकडे कल्पित आहेत, मात्र एकमेकांशी सुसंगत आहेत आणि त्यांची गणिते कागदावर पडताळता येतील.

समजा, विषय आहे सीपीआर, म्हणजे हृदयक्रिया थांबलेल्या रुग्णाच्या छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे कौशल्य. पहिल्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाच्या ४० विद्यार्थ्यांना मॅनिकिनवर सराव करवून घेणारा कार्यक्रम दिला जातो. दुसऱ्या महाविद्यालयातील ४० जणांना नेहमीचे व्याख्यान मिळते. प्रश्नावली ३० गुणांची आहे. पहिल्या महाविद्यालयाची सरासरी १२ वरून २१ वर जाते, दुसऱ्याची १४ वरून १८ वर. प्रत्येक वेळी गुणांचे प्रमाण विचलन ४ आहे आणि पूर्वचाचणी व उत्तरचाचणी यांतील सहसंबंध ०.५ आहे. यावरून प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाढीचे प्रमाण विचलनही ४ च येते.

रूढ प्रबंधात आता प्रत्येक गटासाठी स्वतंत्र जोडीदार टी-चाचणी केली जाते. पहिल्या गटाची वाढ ९ गुण, तिची प्रमाण त्रुटी सुमारे ०.६३, म्हणून टी-मूल्य १४ च्या आसपास. प्रबंधाचा सारांश बहुधा याच आकड्यावर उभा असतो. परंतु नियंत्रण गटातही ४ गुणांची वाढ झाली आहे आणि तिचे टी-मूल्य ६.३ आहे, म्हणजे तीही ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ आहे. या गटाला तर नवा कार्यक्रम मिळालेलाच नाही. मग वाढ कशाची? नेहमीच्या व्याख्यानाची, मधल्या काळातील वॉर्डातील कामाची, आणि तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवल्याची. पूर्वचाचणीतील प्रश्न विद्यार्थ्यांना आठवतात, वर्गाबाहेर त्यांची चर्चा होते, कोणीतरी पुस्तक उघडते. चाचणी स्वतःच काही प्रमाणात शिकवते.

म्हणून ९ हा आकडा कार्यक्रमाचा परिणाम नव्हे. नियंत्रण गट ठेवण्याचा हेतूच हा की या ९ मधून कार्यक्रमाशिवायही झाली असती ती वाढ वजा व्हावी. दोन वाढींमधील फरक ५ गुण येतो. ज्या प्रबंधात नियंत्रण गट असूनही निष्कर्ष प्रत्येक गटाच्या स्वतंत्र टी-चाचणीवरून काढला जातो, तिथे नियंत्रण गटाचे श्रम वाया गेले असे समजावे. प्रायोगिक गटात पी-मूल्य लहान आणि नियंत्रण गटात मोठे आले, म्हणून दोन गटांत फरक आहे, हे तर्कशास्त्रही चुकीचे आहे. दोन गटांतील फरक थेट मोजावा लागतो. दोन स्वतंत्र निकाल शेजारी ठेवून तो सिद्ध होत नाही.

पण ५ हा आकडा तरी अंतिम आहे का? दोन्ही गटांची सुरुवात सारखी नव्हती. पहिला गट २ गुणांनी मागे होता. अशा वेळी दुसरा मार्ग सुचवला जातो तो सहविचरण विश्लेषणाचा, ज्याला संशोधक अँकोव्हा म्हणून ओळखतात. त्यात उत्तरचाचणीतील फरक घेऊन पूर्वचाचणीतील फरकाचा योग्य तो अंश त्यातून दुरुस्त केला जातो. आपल्या उदाहरणात दोन्ही वेळचे विचलन सारखे असल्यामुळे हा अंश सहसंबंधाइतकाच, म्हणजे ०.५ आहे. उत्तरचाचणीतील फरक २१ उणे १८, म्हणजे ३. पूर्वचाचणीतील फरक उणे २. त्याचा अर्धा उणे १. तो वजा केला की उत्तर येते ४.

म्हणजे एकाच आकडेवारीतून ९, ५ आणि ४ अशी तीन उत्तरे निघाली. पहिले बाद झाले. उरलेल्या दोहोंपैकी खरे कोणते? फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ साली हाच पेच मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दोन्ही पद्धती गणिताने बरोबर आहेत. त्या वेगवेगळ्या गृहीतकांवर उभ्या आहेत. वाढींमधील फरक घेताना आपण असे मानतो की कार्यक्रम नसता तर दोन्ही महाविद्यालये सारख्याच वेगाने पुढे सरकली असती आणि मूळचे २ गुणांचे अंतर तसेच राहिले असते. सहविचरण विश्लेषण करताना आपण असे मानतो की पूर्वचाचणीत सारखे गुण मिळवणारे दोन विद्यार्थी, ते कोणत्याही महाविद्यालयातील असोत, कार्यक्रमाविना उत्तरचाचणीतही सारखेच निघाले असते. म्हणजे मूळचे अंतर काळाच्या ओघात अर्ध्यावर आले असते.

दुसऱ्या गृहीतकामागे एक जुने निरीक्षण आहे. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि अपत्ये यांच्या उंचीचा अभ्यास करताना दाखवले की अतिशय उंच पालकांची मुले सरासरीच्या दिशेने सरकलेली असतात. चाचणीच्या गुणांचेही तसेच होते. त्या दिवशी नशिबाने किंवा थकव्याने खाली घसरलेला विद्यार्थी पुढच्या वेळी काही न करताही थोडा वर येतो. एकाच वर्गातील कमी गुणांचे विद्यार्थी वेचून त्यांना कार्यक्रम दिला, तर ही सरासरीकडे परतण्याची ओढ कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होते. मात्र दोन पूर्ण महाविद्यालयांची तुलना असेल आणि २ गुणांचे अंतर प्रवेशाच्या गुणवत्तेतून आलेले असेल, तर ते नशिबाचे नसते. तेव्हा प्रत्येक महाविद्यालय स्वतःच्याच सरासरीभोवती फिरते, दोहोंच्या सामायिक सरासरीकडे धावत नाही. त्यात भर म्हणजे प्रश्नावली जितकी अविश्वसनीय, तितका सहसंबंध कमी दिसतो आणि दुरुस्तीही अपुरी पडते.

यातून निघणारा व्यवहार्य नियम साधा आहे. कोणते विश्लेषण मुख्य मानायचे ते माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून ठेवावे, त्याचे कारण द्यावे, आणि दुसऱ्या पद्धतीचे उत्तरही छापावे. ४ आणि ५ यांमुळे निष्कर्ष बदलत नसेल तर वाचक निश्चिंत होतो. एक उत्तर शून्याजवळ आणि दुसरे दूर असेल तर तेही वाचकाला कळायला हवे. मागाहून जे मोठे दिसेल ते निवडणे हा मात्र संशोधनाचा भाग नव्हे.

इथे आणखी एका रूढ सवयीची दखल घ्यावी लागते. बहुतेक प्रबंधांत वय, निवास, पालकांचे शिक्षण आणि पूर्वचाचणीचे गुण यांचा तक्ता देऊन प्रत्येक ओळीपुढे पी-मूल्य लिहिलेले असते, आणि ते ०.०५ पेक्षा मोठे असल्यास ‘दोन्ही गट समजातीय आहेत’ असे जाहीर केले जाते. आपल्या उदाहरणात पूर्वचाचणीचा फरक २ ऐवजी १.५ असता, तर टी-मूल्य सुमारे १.७ आले असते आणि गट ‘समजातीय’ ठरले असते. प्रत्यक्षात १.५ गुणांचे अंतर ४-५ गुणांच्या परिणामापुढे नगण्य नाही. लहान नमुन्यात फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. आणि तक्त्यात जे मोजलेच नाही, उदाहरणार्थ संलग्न रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे की नाही, त्याबद्दल तर तक्ता मौनच बाळगतो.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. पहिल्या महाविद्यालयाला कार्यक्रम मिळाला, दुसऱ्याला नाही. पण पहिल्या महाविद्यालयात आणखी पुष्कळ गोष्टी वेगळ्या आहेत : शिक्षक वेगळे, रुग्णालय वेगळे, वॉर्डातील पाळ्यांचे वेळापत्रक वेगळे. त्याच पंधरवड्यात तिथल्या विद्यार्थ्यांची पाळी आपत्कालीन विभागात लागली असेल, तर त्यांनी खराखुरा सीपीआर पाहिला असेल. कार्यक्रमाचा परिणाम आणि महाविद्यालयाचा परिणाम या रचनेत एकमेकांत पूर्णपणे मिसळलेले आहेत, आणि कोणतीही टी-चाचणी त्यांना वेगळे करू शकत नाही.

हे आकड्यांत मांडता येते. रूढ पद्धतीने ५ गुणांच्या फरकाची प्रमाण त्रुटी ०.८९ येते आणि ९५ टक्के विश्वासांतराल सुमारे ३.२ ते ६.८. हे गणित ८० विद्यार्थी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे मानते. पण एका महाविद्यालयातील विद्यार्थी एकमेकांसारखे असतात. या सारखेपणाचे माप म्हणजे गटांतर्गत सहसंबंध, आयसीसी. गटात m विद्यार्थी असतील तर विचरण 1 + (m − 1) × ICC इतक्या पटीने वाढते. आयसीसी केवळ ०.०५ मानला तरी ४० जणांच्या गटासाठी ही पट २.९५ येते. म्हणजे ४० विद्यार्थ्यांतून मिळणारी माहिती जेमतेम १४ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकी. विश्वासांतराल रुंदावून २ ते ८ होतो. आयसीसी ०.२ असेल तर पट ८.८ होते आणि विश्वासांतराल उणे ०.२ पासून १०.२ पर्यंत पसरतो, म्हणजे शून्यालाही कवेत घेतो.

मग आयसीसी नेमका किती? प्रत्येक बाजूला एकच महाविद्यालय असेल तर या प्रश्नाला त्या अभ्यासातून उत्तर मिळूच शकत नाही. दोन महाविद्यालयांत नैसर्गिकरीत्या किती फरक असतो, हे कळायला एकाच बाजूला किमान दोन महाविद्यालये हवीत. विद्यार्थ्यांची संख्या ४० वरून १०० केली तरी ही उणीव भरून निघत नाही, कारण कमतरता विद्यार्थ्यांची नसून महाविद्यालयांची आहे. अनेक प्रबंधांत नमुन्याचा आकार काढण्याचे सूत्र मोठ्या निगुतीने दिलेले असते. त्यात महाविद्यालयांच्या संख्येचा उल्लेखही नसतो.

तर एका विद्यार्थिनीने, एका वर्षात, मर्यादित खर्चात काय करावे? दोन उपाय हाताशी आहेत आणि दोन्हींना पैसा फारसा लागत नाही. पहिला उपाय म्हणजे कार्यक्रमाची अदलाबदल :

```
O  X  O     O
- - - - - - -
O     O  X  O
```

उत्तरचाचणी झाल्यावर नियंत्रण गटालाही तोच कार्यक्रम द्यायचा आणि नंतर दोन्हीकडे तिसरी चाचणी घ्यायची. आपल्या उदाहरणात दुसरे महाविद्यालय तिसऱ्या चाचणीत १८ वरून २२-२३ वर गेले आणि पहिले २१ च्या आसपास स्थिर राहिले, तर ‘पहिले महाविद्यालयच वेगळे होते’ हा आक्षेप बराच लंगडा पडतो. कारण उडी दोनदा, दोन वेगळ्या ठिकाणी, पण दोन्ही वेळा कार्यक्रमानंतरच दिसली. उलट दुसऱ्या महाविद्यालयात उडी दिसलीच नाही, तर पहिल्या वेळचा फरक कशाचा होता याचा शोध घ्यावा लागेल. नियंत्रण गटाला शिक्षणापासून वंचित का ठेवले, हा नैतिक प्रश्नही या रचनेत आपोआप सुटतो. पुष्कळ संशोधक अभ्यास संपल्यावर नियंत्रण गटाला कार्यक्रम देतातच. फक्त त्यानंतर मोजमाप करत नाहीत. हातची माहिती तिथे निसटते.

दुसरा उपाय म्हणजे कार्यक्रमापूर्वी काही आठवड्यांच्या अंतराने दोन पूर्वचाचण्या घेणे. दोन्ही महाविद्यालये कार्यक्रमाविना सारख्या वेगाने पुढे सरकतात की नाही, हे त्यातून थेट दिसते. वाढींमधील फरकाचे अख्खे गणित ज्या गृहीतकावर उभे आहे, त्याची ही एकमेव थेट झाडाझडती. चाचण्या वाढल्या की प्रश्न पाठ होण्याचा धोका वाढतो हे खरे. त्यासाठी सारख्या काठिण्याच्या दोन-तीन प्रश्नावल्या आलटून पालटून वापराव्या लागतात.

एवढे केल्यावरही मोजतो काय, हा प्रश्न उरतो. कार्यक्रम तयार करणाऱ्यानेच प्रश्नावली तयार केली आणि तिचे प्रश्न कार्यक्रमाच्या स्लाइडवरूनच घेतले, तर प्रायोगिक गटाला प्रश्नपत्रिका आधीच दाखवल्यासारखे होते. हा दोष नियंत्रण गटामुळे दूर होत नाही, उलट त्याच्यामुळे झाकला जातो. सीपीआरच्या बाबतीत याला उत्तर आहे. प्रौढ रुग्णासाठी दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली किमान ५ सेंटिमीटर, पण ६ पेक्षा जास्त नको, हे निकष सर्वमान्य आहेत आणि संवेदक बसवलेला मॅनिकिन ते स्वतः मोजतो. तसा मॅनिकिन नसेल तर कोण कोणत्या गटातील आहे हे ठाऊक नसलेल्या परीक्षकाने तपासणीसूची भरावी. सातव्या दिवशी ‘दाबाची खोली किती असावी’ याचे उत्तर लिहिणे आणि तीन महिन्यांनी तितका दाब प्रत्यक्ष देणे यांत मोठे अंतर आहे. सीपीआरचे कौशल्य सरावाविना काही महिन्यांतच ओसरू लागते, हे या क्षेत्रात सुपरिचित आहे. सातव्या दिवसाची लेखी चाचणी या ओसरण्याबद्दल काहीच सांगत नाही.

या सुधारणांचा आग्रह धरण्याची वेळही योग्य आहे. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिसेवा आयोग कायदा संमत केला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो केला आहे. शिक्षणाचे निकष नव्याने लिहिले जात असताना प्रबंधांचे निकषही लिहिता येतील. यंत्रणा नव्याने उभारायची गरज नाही. २००७ साली सुरू झालेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदणी संस्थेने, अर्थात सीटीआरआयने, एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी दाखल होण्यापूर्वीच नोंदणी करण्याची अट घातली आहे. मुख्य मोजमाप कोणते, ते केव्हा घेणार, ही माहिती तिथे आधीच लिहावी लागते. परिचर्या शिक्षणाच्या प्रत्येक अर्धप्रायोगिक प्रबंधाला अशी पूर्वनोंदणी सक्तीची करावी आणि तीत विश्लेषणाची पद्धतही नोंदवून घ्यावी. प्रत्येक बाजूला किती महाविद्यालये आहेत हे शीर्षकाखालीच लिहिण्याची अट घालावी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे : पदव्युत्तर विद्यार्थिनीला चार महाविद्यालयांच्या परवानग्या मिळवणे शक्य नसते. पण चार विद्यार्थिनींनी चार वेगवेगळे लहान प्रबंध करण्याऐवजी एकाच विद्यापीठातील चौघींनी एकच आराखडा, एकच प्रश्नावली आणि एकच कार्यक्रम घेऊन आठ महाविद्यालयांत काम केले, तर प्रत्येकीचे श्रम तेवढेच राहतात. कोणती चार महाविद्यालये आधी कार्यक्रम घेणार आणि कोणती नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येते. मग आकृतीतील तुटक रेघ पुसली जाते आणि अभ्यास अर्धप्रायोगिक न राहता प्रायोगिक होतो. प्रत्येकीला प्रबंधासाठी वेगळा प्रश्नही मिळू शकतो : एकीला ज्ञान, दुसरीला कौशल्य, तिसरीला तीन महिन्यांनंतरचे स्मरण, चौथीला शिक्षकांचा अनुभव. अडचण पैशाची नाही. प्रत्येक प्रबंध एकटीचाच असला पाहिजे या नियमाची आहे, आणि तो नियम विद्यापीठांना बदलता येतो.

तोवर वाचकांच्या हाती एक साधी कसोटी आहे. ‘नवी अध्यापन पद्धती परिणामकारक’ असे वृत्त समोर आले की आधी पी-मूल्य पाहू नये. नियंत्रण गट किती वाढला ते पाहावे, आणि प्रत्येक बाजूला किती महाविद्यालये होती ते मोजावे. पहिल्याचे उत्तर दिलेलेच नसेल आणि दुसऱ्याचे उत्तर ‘एक’ असेल, तर त्या अभ्यासाने दोन महाविद्यालयांत फरक आढळल्याचे दाखवले आहे. तो फरक कार्यक्रमामुळे पडला, हे अजून दाखवायचे आहे.